टार्गेट चुकणाऱ्या सेल्स एक्झिक्युटिव्हसाठी पीआयपी कशी लिहावी

प्रश्न: "मडगावात आमचा हॉटेलांना हाउसकीपिंगची रसायने आणि डिस्पेन्सर पुरवण्याचा व्यवसाय आहे. दक्षिण गोवा सांभाळणारा आमचा सेल्स एक्झिक्युटिव्ह जूनपासून टार्गेटच्या निम्म्यावरही पोहोचलेला नाही. मालकांनी मला पीआयपी, म्हणजे कामगिरी सुधारण्याची लेखी योजना, लिहायला सांगितली आहे, पण माझ्याकडच्या नमुन्यात ‘विक्री वाढवावी, पाठपुरावा सुधारावा’ एवढेच आहे. मोजता येणारी उद्दिष्टे, तपासणीचे टप्पे आणि कंपनीने द्यायची मदत हे सगळे नेमके कसे लिहायचे?"

उत्तर:

तुमच्या नमुन्यातली वाक्ये मोघम आहेत हे खरे, पण ती बदलून तेथे आकडे घातल्याने योजना सुधारणार नाही. ‘विक्री वाढवावी’ याऐवजी ‘विक्री दरमहा चार लाखांवर न्यावी’ असे लिहिले, तरी त्या माणसाला उद्या सकाळी काय वेगळे करायचे हे कळत नाही. त्याला फक्त धमकीचा आकडा कळतो. खरी अडचण अशी आहे की विक्री नेमकी कोणत्या पायरीवर अडते हे अजून कोणी तपासलेले दिसत नाही. ते कळले की उद्दिष्टे, टप्पे आणि मदत या तिन्ही गोष्टी त्याच एका निदानातून निघतात. ते न कळता लिहिलेली योजना म्हणजे कामावरून काढण्याच्या पत्राची पूर्वतयारी असते, आणि कर्मचारी ती तशीच वाचतो.

मी बरीच वर्षे विक्री विभागात आणि त्यानंतर मनुष्यबळ विभागात काम केले आहे. तुमच्यासारख्याच व्यवसायातील एका वितरकाची अशी योजना मी तयार करून दिली होती. तिथले आकडे थोडे सोपे करून येथे देतो, कारण सगळा विचार एकाच उदाहरणावरून सांगितला तर तुम्हाला तो आपल्या माणसाला लावून पाहता येईल. आकडे मात्र तुमचे तुम्हालाच काढावे लागतील. तुमचा माल, प्रदेश आणि ग्राहकाला निर्णय घ्यायला लागणारा वेळ यांवर ते अवलंबून आहेत.

योजना लिहिण्याआधी तूट खरोखर किती आहे ते पाहा. तुम्ही सांगितलेले महिने जूनपासूनचे, म्हणजे पावसाळ्याचे आहेत. पाळोळे आणि आगोंदच्या किनाऱ्यांवरील तात्पुरत्या कुटिरांचे बांधकाम पावसाळ्यापूर्वी काढले जाते आणि शॅक म्हणजे किनाऱ्यावरची तात्पुरती उपाहारगृहेही बंद असतात. त्यामुळे हे किनारे ज्यात येतात त्या काणकोण तालुक्याच्या यादीतले कित्येक ग्राहक या काळात अस्तित्वातच नसतात. कोलवा, बाणावली, वार्का, केळशी या पट्ट्यातील मोठी हॉटेले चालू असतात, पण त्यांचीही खरेदी रोडावते. माझ्या उदाहरणात बारा महिन्यांसाठी एकच टार्गेट होते, दरमहा चार लाख, आणि जून ते सप्टेंबर या काळातील सरासरी विक्री होती एक लाख ऐंशी हजार. कागदावर हे निम्म्याहून कमी दिसते. मात्र आदल्या वर्षी त्याच प्रदेशात, त्याच चार महिन्यांत, दुसऱ्या माणसाने सरासरी दोन लाख साठ हजारांची विक्री केली होती. म्हणजे खरी तूट सुमारे तीस टक्के होती. ती गंभीर आहेच, पण ‘निम्मेही नाही’ या आरोपापेक्षा ती वेगळी आहे, आणि योजनेत हाच आकडा यायला हवा. माणसाला पहिल्याच परिच्छेदात अन्याय दिसला की पुढचे काहीही तो मोकळ्या मनाने वाचत नाही. आदल्या वर्षाशी तुलना करून तूट उरतच नसेल, तर तुम्हाला पीआयपी नको, टार्गेटची फेरमांडणी हवी. ते मालकांना स्पष्टपणे सांगण्याची जबाबदारी तुमची आहे.

तूट खरी निघाली की विक्रीच्या पायऱ्या मोजायच्या. कोटेशनची फाइल, भेटींची वही किंवा ॲप आणि बिले एवढ्यावर हे काम एका दिवसात होते. त्या चार महिन्यांत आमच्या माणसाने नव्या ग्राहकांच्या ४० पहिल्या भेटी घेतल्या, २६ ठिकाणी डेमो दिला, २२ कोटेशने दिली आणि ऑर्डर मिळाल्या फक्त ३. त्याच काळात त्याच्या सहकाऱ्यांना साधारण चार कोटेशनांमागे एक ऑर्डर मिळत होती. याचा अर्थ माणूस फिरत होता, बोलत होता, माल दाखवत होता. काम अडत होते ते कोटेशननंतर. मग ती २२ कोटेशने एकेक करून वाचली. त्यांपैकी १४ हाउसकीपिंग सुपरवायझरच्या नावाने होती, ज्याला माल आवडला तरी खरेदीचा अधिकार नसतो. १३ कोटेशनांनंतर पहिल्या दहा दिवसांत पुन्हा संपर्क केल्याची कोणतीही नोंद नव्हती. मालकांचे मत ‘तो आळशी आहे’ असे होते, आणि कागद सांगत होते की तो चुकीच्या माणसाला कोटेशन देतो आणि नंतर तेथे परत जात नाही.

परत का जात नाही, हे त्यालाच विचारले. विचारताना ‘तुम्ही पाठपुरावा का करत नाही?’ असे न विचारता तीन कोटेशने समोर ठेवून ‘ही दिल्यानंतर काय घडले ते क्रमाने सांगा’ असे म्हणालो. त्यातून कळले की आठवड्यातले सुमारे दोन दिवस तो बंद पडलेल्या शॅकवाल्यांकडे अडकलेल्या उधारीच्या वसुलीसाठी फिरत होता, कारण हिशेब विभागाने ते काम त्याच्यावर टाकले होते. शिवाय सवलतीला मंजुरी मिळायला चार-पाच दिवस लागत, आणि दर ठरलेला नसताना पर्चेस मॅनेजरसमोर जाणे त्याला अवघड वाटत असे. म्हणजे दोषाचा काही भाग त्याचा होता आणि काही कंपनीचा. योजनेत दोन्ही भाग लिहिले गेले, आणि म्हणूनच ती योजना म्हणवून घेण्याच्या लायकीची झाली.

आता कालावधी. तीस दिवसांची पीआयपी विक्रीत बहुधा निरुपयोगी ठरते. पहिल्या भेटीपासून ऑर्डरपर्यंत पाच-सहा आठवडे लागत असतील, तर तीस दिवसांत जो निकाल दिसतो तो योजनेपूर्वीच्या कामाचा असतो. ग्राहकाच्या निर्णयाचा काळ दोनदा बसेल एवढी मुदत ठेवावी. आम्ही बारा आठवडे ठेवले, १ ऑक्टोबर ते २३ डिसेंबर. हंगाम सुरू होत असताना हॉटेले पुरवठादार ठरवतात, म्हणून सुरुवात योग्य वेळी झाली. आणि नाताळ ते नववर्ष या दिवसांत कोणताही पर्चेस मॅनेजर नव्या विक्रेत्याला भेटत नाही, म्हणून शेवट त्याआधी ठेवला. मधली दिवाळी, ३ डिसेंबरचे जुन्या गोव्याचे फेस्त आणि १९ डिसेंबरचा मुक्तिदिन या सुट्ट्या कामाच्या दिवसांतून आधीच वजा करून तसे लिहिले. हे बारीक वाटेल, पण शेवटच्या आठवड्यात वाद होतो तो अशाच दिवसांवरून.

उद्दिष्टे तीनच ठेवा. पाच-सात ठेवली की माणूस सोपी असतील ती पूर्ण करतो आणि तुम्हालाही शेवटी तो उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हे ठरवता येत नाही. तिन्हींपैकी दोन त्याच्या पूर्णपणे हातात असलेल्या कामाची असावीत आणि एक निकालाचे. आमच्या योजनेतली पहिली दोन शब्दशः अशी होती:

"१५ ऑक्टोबरपासून दिलेल्या प्रत्येक दहा कोटेशनांपैकी किमान आठ कोटेशने मालक, पर्चेस मॅनेजर किंवा एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर यांना प्रत्यक्ष भेटल्यानंतरच दिलेली असतील. भेटलेल्या व्यक्तीचे नाव, हुद्दा आणि भेटीची तारीख कोटेशनच्या नोंदवहीत त्याच दिवशी लिहिलेली असेल."

"प्रत्येक दहा कोटेशनांपैकी किमान नऊ बाबतींत कोटेशन दिल्यापासून कामाच्या तीन दिवसांत पहिला आणि दहा दिवसांत दुसरा संपर्क झालेला असेल. नोंदीत ग्राहकाने दिलेले उत्तर लिहिलेले असेल. ‘फोन केला’ एवढी नोंद संपर्क म्हणून धरली जाणार नाही."

यांत काय, किती, केव्हापासून आणि कोणत्या कागदावरून मोजायचे हे चारही भाग आहेत. पहिल्या उद्दिष्टाला दोन आठवडे उशिरा सुरुवात आहे, कारण त्या दोन आठवड्यांत त्याला ते शिकवायचे होते. दहापैकी दहा असे मुद्दाम मागितलेले नाही. एखाद्या ठिकाणी पर्चेस मॅनेजर रजेवर असतो, आणि एका अपवादाने मोडणारे उद्दिष्ट सगळ्यांना खोटे बोलायला लावते.

तिसरे, निकालाचे उद्दिष्ट लिहिताना मी तुम्हाला सर्वांत जास्त सावध करू इच्छितो. २५ नोव्हेंबरपर्यंत दिलेली कोटेशनेच त्यात धरली, म्हणजे प्रत्येक कोटेशनला पिकायला किमान चार आठवडे मिळाले. अशी किमान १८ कोटेशने आणि त्यांतून ४ नव्या ग्राहकांच्या ऑर्डर, असे लिहिले. आता हा हिशेब पाहा. चारामागे एक ऑर्डर मिळवणारा चांगला माणूससुद्धा १८ कोटेशनांत केवळ योगायोगाने तीन किंवा त्याहून कमी ऑर्डरवर थांबण्याची शक्यता सुमारे तीस टक्के असते. उलट, आमचा माणूस पूर्वीसारखाच वागत राहिला असता, तरी त्याला तीन किंवा अधिक ऑर्डर मिळण्याची शक्यता पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास होती. इतक्या लहान संख्येत एका ऑर्डरचा फरक कौशल्याबद्दल फारसे काही सांगत नाही. म्हणून योजनेतच लिहिले की पहिली दोन उद्दिष्टे पूर्ण झाली असतील आणि ऑर्डर चारऐवजी तीन असतील, तर योजना यशस्वी मानली जाईल. आणि ऑर्डर चार असूनही पहिली दोन पूर्ण नसतील, तर ती यशस्वी मानली जाणार नाही. मालकांना हे आधी पटले नाही, कारण त्यांना ऑर्डरच हव्या होत्या. पण पुढच्या वर्षभराच्या ऑर्डर नशिबाने नव्हे, सवयीने येतात, आणि सवय मोजायची सोय पहिल्या दोन उद्दिष्टांतच आहे.

निकालाच्या उद्दिष्टाला दोन कुंपणे घालावी लागतात. दबावाखालचा माणूस सवलत वाढवून ऑर्डर आणतो, किंवा ओळखीच्या ग्राहकाकडे महिनाअखेरीस माल उतरवतो आणि तो पुढच्या महिन्यात परत येतो. म्हणून ‘सवलत आठ टक्क्यांपेक्षा जास्त नसलेली, माल पोहोचलेली आणि योजनेच्या अखेरीपर्यंत परत न आलेली ऑर्डरच मोजली जाईल’ असे लिहिले. भेटींच्या संख्येचे उद्दिष्ट मात्र ठेवू नका, निदान भेटी कमी हेच निदान नसेल तर. ‘रोज आठ भेटी’ लिहिले की आठ नोंदी येतात. सगळ्या नोंदी संध्याकाळी एकाच वेळी भरलेल्या, सगळ्या एकाच रस्त्यावरच्या आणि कोणत्याही नोंदीत समोरच्याचे म्हणणे नाही, असे दिसू लागले की भेटी होत नाहीत, नोंदी होत आहेत, असे समजावे.

कंपनीने द्यायची मदत हा भाग बहुतेक योजनांत ‘आवश्यक ते मार्गदर्शन दिले जाईल’ या एका ओळीत संपतो. ही ओळ कोणालाच बांधत नाही. कर्मचाऱ्याच्या उद्दिष्टांइतकीच मोजता येणारी भाषा येथे हवी: कोण, काय, केव्हापर्यंत. आमच्या योजनेत चार गोष्टी होत्या. सेल्स मॅनेजर पहिले चार आठवडे, आठवड्यातून दोन भेटींना त्याच्याबरोबर जातील. पहिल्या भेटीत मॅनेजर बोलतील आणि तो ऐकेल, दुसऱ्या भेटीत तो बोलेल आणि मॅनेजर मध्ये पडणार नाहीत, आणि त्याच दिवशी पंधरा मिनिटे दोघे बसतील. शॅक आणि कुटिरांची जुनी वसुली ५ ऑक्टोबरपासून हिशेब विभाग करील. आठ टक्क्यांपर्यंतच्या सवलतीवर कामाच्या एका दिवसात होकार किंवा नकार मिळेल. डेमोसाठी चार डिस्पेन्सर ७ ऑक्टोबरपर्यंत त्याच्या ताब्यात दिले जातील. प्रत्येक ओळीपुढे जबाबदार व्यक्तीचे नाव होते.

त्याखाली एक वाक्य होते, जे मी प्रत्येक योजनेत आग्रहाने घालतो: ‘कंपनीकडून वरीलपैकी कोणतीही गोष्ट ठरल्या तारखेला झाली नाही, तर तिच्यावर अवलंबून असलेल्या उद्दिष्टाची मुदत तेवढ्याच दिवसांनी वाढेल.’ त्या वेळी डिस्पेन्सर नऊ दिवस उशिरा आले आणि मुदत नऊ दिवसांनी वाढली. त्यावर कोणाला काही बोलावे लागले नाही. ज्या मदतीची हमी तुम्ही देऊ शकत नाही ती लिहूच नका. सेल्स मॅनेजर आठवड्यातून एकाच दिवशी मोकळे असतील, तर एकच भेट लिहा. चार आठवड्यांनी ‘मॅनेजर आलेच नाहीत’ अशी नोंद फाइलमध्ये राहण्यापेक्षा ते बरे.

तपासणीचे टप्पे दोन प्रकारचे ठेवा. दर सोमवारी अर्धा तास कामाची बैठक असावी, जिच्यात फक्त नोंदवही उघडून गेल्या आठवड्यातली कोटेशने पाहायची आणि या आठवड्यात कोणाला भेटायचे ते ठरवायचे. निर्णयाच्या बैठका मात्र चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याच्या शेवटी, आणि प्रत्येक बैठकीत काय तपासले जाईल हे आधीच लिहिलेले असावे. चौथ्या आठवड्यात फक्त पहिली दोन उद्दिष्टे आणि कंपनीची मदत तपासायची. ऑर्डरींबद्दल बोलायचेच नाही, कारण त्या यायची वेळ झालेली नसते, आणि मालक बैठकीला बसणार असतील तर त्यांना हे आदल्या दिवशी सांगून ठेवावे. आठव्या आठवड्यात ऑर्डर पाहायच्या, पण त्यावर निर्णय घ्यायचा नाही. पहिली दोन उद्दिष्टे तोवरही निम्म्याच्या आत असतील, तर योजना कोठे चालली आहे हे त्याला त्याच बैठकीत स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. बाराव्या आठवड्याचा निर्णय माणसाला धक्का देणारा ठरला, तर आठव्या आठवड्याची बैठक नीट झाली नाही असे समजावे.

प्रत्येक निर्णयाच्या बैठकीची टिपणी त्याच दिवशी लिहून त्याला द्या, आणि तिच्यात त्याचे म्हणणे त्याच्या हाताने लिहायला जागा ठेवा. सहीच्या वर ‘योजना मिळाली आणि वाचली’ असे लिहा, ‘मान्य आहे’ असे नको. सही म्हणजे कबुली अशी भीती वाटली की लोक सही टाळतात आणि तुमचा पहिला आठवडा त्यातच जातो. आपल्याकडे अशी पत्रे बहुधा इंग्रजीत निघतात. पत्र तसे असले, तरी पहिल्या बैठकीत ते ओळीने वाचून कोंकणीत किंवा मराठीत, ज्या भाषेत तो रोज बोलतो त्या भाषेत, समजावून सांगा, आणि प्रत्येक उद्दिष्टानंतर ‘हे कोणत्या कागदावरून मोजले जाईल?’ हे त्याच्याकडून ऐका. त्याच्या उत्तरात गडबड असेल, तर वाक्य तुम्ही चुकीचे लिहिले आहे, ते तेथेच दुरुस्त करा.

दोन बाबी योजनेच्या बाहेर ठेवा. खोटी बिले, खोट्या नोंदी, परस्पर पैसे घेणे हे गैरवर्तन आहे. त्याची वेगळी चौकशी होते, आणि ते पीआयपीत घुसडले की चौकशीही बिघडते आणि योजनाही. दुसरी बाब कायद्याची. योजना अयशस्वी झाली म्हणून लगेच नोकरी संपवता येईल असे गृहीत धरू नका. नियुक्तीपत्रातील नोटिशीची अट, तो परिवीक्षाधीन आहे की कायम, आणि त्याला कामगार कायद्याचे संरक्षण लागू होते का, यांवर ते ठरते. वाचणाऱ्यांपैकी कोणी औषध कंपनीत असेल, तर विक्री प्रतिनिधींसाठी १९७६ चा स्वतंत्र कायदा होता हे लक्षात घ्यावे आणि आजची तरतूद वकिलाकडून तपासून घ्यावी. पत्रात ‘अन्यथा सेवा समाप्त केली जाईल’ असे लिहिण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलाला मसुदा दाखवा; ‘अन्यथा कंपनी नियमानुसार पुढील निर्णय घेईल, ज्यात सेवासमाप्तीचाही समावेश असू शकतो’ हे वाक्य अधिक प्रामाणिक आहे आणि अधिक सुरक्षितही.

शेवट कसा होईल हेही योजनेतच लिहा. यश आले तर योजना बंद झाल्याचे पत्र त्याला त्याच आठवड्यात मिळाले पाहिजे. ते तोंडी सांगून सोडून देऊ नये. आमच्या पत्रात असेही होते की पहिली दोन उद्दिष्टे त्याच्या नेहमीच्या कामाचा भाग म्हणून पुढे चालू राहतील, आणि सहा महिने ती टिकली तर पुढच्या वार्षिक मूल्यमापनात या योजनेचा उल्लेख होणार नाही. त्या माणसाला बारा आठवडे आणि वाढीव नऊ दिवस मिळून २१ कोटेशनांत ५ ऑर्डर मिळाल्या. वसुलीचे काम मात्र जानेवारीत हिशेब विभागाने पुन्हा त्याच्याकडे पाठवायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याने योजना बंद झाल्याचे पत्र दाखवले, आणि मॅनेजरांनी ते काम परत हिशेब विभागाकडे दिले. त्यामुळे तुमच्या पत्रात ‘मदत योजनेपुरती आहे की कायम’ हे प्रत्येक ओळीपुढे वेगळे लिहा.